१,९९९ रुपयांत वर्षभर टेन्शन फ्री: सांगलीतल्या एका कॅप्शनचं प्रकरण

मूळ कॅप्शन असं होतं: ‘फक्त १,९९९ रुपयांत वर्षभर टेन्शन फ्री! सर्व फिल्टर मोफत! अमर्यादित सर्व्हिस! आजच फोन करा.’ सोबत निळा थेंब, हसरं कुटुंब आणि दुकानाचा नंबर. विश्रामबागेतलं हे वॉटर प्युरिफायर दुरुस्तीचं दुकान नवरा-बायको चालवतात. दादा आणि एक पोरगा गाडीवरून घरोघर जातात, वहिनी दुकानात बसून फोन घेतात आणि वहीत नोंदी ठेवतात. कॅप्शन त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी पोस्टवरून उचललं होतं, असं वहिनींनी पहिल्या पाच मिनिटांतच कबूल केलं. मी सांगली-मिरजेतल्या दुकानांसाठी पोस्ट लिहिते. माझ्याकडे ते आले तेव्हा त्यांना ‘जरा भारीतलं कॅप्शन’ हवं होतं. मी विचारलं, आधीच्यात वाईट काय होतं? वर्षभराच्या देखभालीचे प्लॅन तर खपले होते. वहिनी म्हणाल्या, “ताई, खपले म्हणूनच तर अडचण झालीय.”

मग त्यांनी कुपवाडचं एक घर सांगितलं. सोसायटीत बोअरचं पाणी, प्युरिफायर साधा स्थानिक बनावटीचा, प्लॅन घेऊन सात महिने झालेले. घरातल्या काकांचा फोन आला की पाणी मचूळ लागतंय आणि टाकी भरायला अख्खी दुपार जातेय. पोरगा गेला. आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, ११४०, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा ३१०. प्लॅनच्या पहिल्या दिवशी हाच आकडा ६८ होता, वहीत लिहिलेला. क्षार अडवणारा पडदा, म्हणजे मेंब्रेन, गेला होता. पोरगा म्हणाला, मेंब्रेनचे ११०० रुपये होतील. काकांनी मोबाइलवर पोस्ट काढून दाखवली: ‘सर्व फिल्टर मोफत’. मेंब्रेन पाणी गाळतो की नाही? गाळतो. मग तो फिल्टर नाही तर काय आहे?

दादांचं म्हणणं असं की फिल्टर म्हणजे कँडल, सेडिमेंट, कार्बन. मेंब्रेन हा मेंब्रेन. धंद्यातला कुणीही हेच सांगेल. पण कॅप्शन धंद्यातल्या माणसासाठी नव्हतं. काकांचं बरोबर होतं आणि दादांनी मुकाट्याने मेंब्रेन बसवून दिला. त्या घरावर सात महिन्यांत काय गेलं ते आम्ही वहीतून काढलं. पाच फेऱ्या, प्रत्येकी पेट्रोल आणि पोराची मजुरी धरून १२० रुपये, म्हणजे ६००. मशीनच्या बाहेर बसणाऱ्या तीन स्पन कँडल ७० ने, २१०. सेडिमेंट, कार्बन आणि पोस्ट कार्बनचा एक संच २६०. झाले १०७०. वर मेंब्रेन ११००. एकूण २१७० रुपये गेले, आले १९९९ आणि वर्षाचे पाच महिने अजून बाकी.

मेंब्रेन सात महिन्यांतच का गेला, हेही मी विचारलं, कारण कॅप्शनमध्ये काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं ते यावरच ठरतं. आरओ मशीन येणाऱ्या पाण्यातला काही भाग गाळून टाकीत सोडतं आणि उरलेला क्षारांसकट वाया जाणाऱ्या नळीतून बाहेर फेकतं. ही नळी मेंब्रेन धुऊन काढायचं काम करते. कुपवाडच्या घरात ती नळी बादलीखाली दाबून ठेवली होती, ‘पाणी लई वाया जातंय’ म्हणून. बाहेरचा प्रवाह कमी झाला की क्षार मेंब्रेनपाशीच घट्ट होत जातात, त्यावर पांढरा थर बसतो आणि दोन वर्षं चालणारी वस्तू महिन्यांवर येते. त्यात पाणी बोअरचं. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झालेल्या आपण पाहतोच, खालचं पाणी वेगळं कसं असेल? उलट नळाचं, म्हणजे नदीचं पाणी दुकानाच्या वहीत बहुतेक ठिकाणी १८० ते ३०० टीडीएसच्या मधलं दिसत होतं. (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे. त्यामुळे एवढ्या टीडीएससाठी नळाच्या पाण्याला आरओ लागतच नाही, यूव्हीचं मशीन पुरतं, हे दादाही मान्य करतात. पण लोकांनी मशीन आधीच घेऊन ठेवलेलं असतं आणि प्लॅन मशीनचा असतो.)

इथेच मला कॅप्शनचा कणा सापडला. दुकानाकडे एक प्लॅन होता, पण त्यात दोन वेगळी पाणी येत होती. नळाच्या घरात मेंब्रेन दोन-तीन वर्षं चालतो, बोअरच्या घरात वर्षभर टिकला तरी नशीब. दोघांना एकाच किमतीत ‘सर्व फिल्टर’ द्यायचे म्हणजे नळवाल्याने बोअरवाल्याचा मेंब्रेन भरायचा, आणि तेही पुरत नाही. वर्षाचा हिशोब मांडून बघितला: चार ठरलेल्या फेऱ्या ४८०, तक्रारीच्या साधारण दोन २४०, चार स्पन कँडल २८०, संच दोनदा ५२०. बेरीज १५२०. नळाच्या घरासाठी अर्ध्या मेंब्रेनचे ५५० बाजूला ठेवले तर २०७०, म्हणजे १९९९ मध्ये तिथेही ७१ रुपये तोटा. बोअरच्या घरात पूर्ण मेंब्रेन धरला की २६२०, तोटा ६२१. दादा हिशोबाकडे बघत म्हणाले, “म्हणजे जेवढे जास्त प्लॅन विकले तेवढा मी खड्ड्यात.”

एवढ्यावर ते म्हणाले की किंमत २९९९ करा आणि सगळं आत घाला. मला ते पटलं नाही. नळवाल्याला २९९९ महाग पडतं, तो येणार नाही. बोअरवाला धावत येईल. उरतील फक्त तोट्याची गिऱ्हाइकं. म्हणून एका कॅप्शनमध्ये एकच पाणी घ्यायचं ठरवलं: नळाचं, मेंब्रेन वगळून, १९०० रुपये. १५२० जाऊन ३८० उरतात. बोअरसाठी ३४०० चा वेगळा प्लॅन, त्यात वर्षाला एक मेंब्रेन, पण पहिल्या दिवशी टीडीएस मोजल्याशिवाय द्यायचाच नाही. त्याची जाहिरातही नाही, फोनवर विचारलं तर सांगायचा.

आता लिहायला बसले. पहिला मसुदा माझाच फसला. मी लिहिलं होतं: ‘वर्षाला ४ सर्व्हिस, फिल्टर बदल, लेबर मोफत. मेंब्रेन व इलेक्ट्रिकल पार्ट वगळून. अटी लागू.’ एका ओळीत सगळं आलं म्हणून मी खूश. वहिनींनी वाचलं आणि विचारलं, “‘लेबर मोफत’ म्हणजे कशाची लेबर? आणि ही चार सर्व्हिस आम्ही करायची की त्यांनी बोलवायची?” त्यांच्या वहीत या प्रश्नाचं उत्तर होतंच. जुन्या ‘अमर्यादित सर्व्हिस’वाल्या गिऱ्हाइकांत दोन टोकं होती. काहीजण नळाची तोटी ठिबकली तरी बोलवायचे. आणि काहीजणांनी वर्षभर एकदाही फोन केला नव्हता, म्हणून दुकानही गेलं नव्हतं. त्या घरांत कँडल काळी पडली, कार्बन संपला आणि वर्षाअखेर ते म्हणाले, प्लॅन घेऊन उपयोग काय झाला? ‘४ सर्व्हिस’ लिहिलं की गिऱ्हाइकाला वाटतं मला चार वेळा बोलवायचा हक्क आहे. दुकानाला वाटतं फोन आला तर जाऊ. ठरलेली फेरी आणि तक्रारीची फेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कॅप्शनने त्या दोन वेगळ्या वाक्यांत सांगायला हव्यात.

‘मोफत’ हा शब्द मी काढूनच टाकला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पॅकेजच्या किमतीत धरलेली वस्तू वेगळी ‘मोफत’ म्हणून दाखवता येत नाही. अटीच्या ओळीने मूळ दाव्यातली महत्त्वाची गोष्ट लपवूही नये, असंही त्यात आहे. सांगलीच्या दुकानावर कुणी लगेच धाड घालणार नाही, हे मला माहीत आहे. पण तो नियम नेमका कुपवाडच्या काकांचा मुद्दाच बोलतो: वर ‘सर्व फिल्टर’ आणि खाली बारीक अक्षरात ‘मेंब्रेन वगळून’ हे चालत नाही. म्हणून मेंब्रेन वर गेला. पहिल्या दोन ओळींत, किमतीच्या शेजारी. इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर लांब मजकूर आपोआप दुमडला जातो, आणि पुढचं उघडून वाचणारे थोडेच असतात. जे दोन ओळींत नाही ते सांगितलंच नाही, असं धरून चालायचं.

दादांना ही ओळ खुपली. “पहिल्यांदाच ‘नाही’ कशाला सांगायचं?” म्हणाले. मी म्हटलं, नुसतं नाही सांगणार नाही, किंमतही सांगू. ‘मेंब्रेन वगळून’ वाचलं की माणसाच्या डोक्यात सगळ्यात मोठा आकडा येतो, दोन हजार, अडीच हजार, कुणास ठाऊक. ‘लागलाच तर बसवून ११०० रुपये’ वाचलं की तो जास्तीत जास्त खर्च मनात धरू शकतो: १९०० अधिक ११००, तीन हजार. न झाकलेल्या वस्तूची किंमत लिहिली की ती अट राहत नाही, भाव होतो.

मग प्रश्न आला तो विश्वासाचा. मेंब्रेन बाहेर ठेवला की दुकानाला तो उगाच बदलायचा मोह होतो, आणि गिऱ्हाइकालाही हे कळतं. त्यामुळे मेंब्रेन गेलाय की नाही हे दोघांना एकाच मापाने दिसायला हवं. दादांनी ते माप मला दुकानातल्या मशीनवर करून दाखवलं. आत येणाऱ्या पाण्याचा आणि मेंब्रेनमधून थेट बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस घ्यायचा. दुसरा आकडा टाकीच्या तोटीतून घ्यायचा नाही, कारण टाकीत जुनं पाणी असतं. कुपवाडच्या घरी पहिल्या दिवशी ११४० चे ६८, म्हणजे ९४ टक्के क्षार अडत होते. सात महिन्यांनी ११४० चे ३१०, म्हणजे ७३ टक्के. ८५ च्या खाली गेलं की दुकान मेंब्रेन बदला म्हणतं.

पण इथे एक खाच आहे, आणि ती चांगल्या चांगल्या पोरांना माहीत नसते. बऱ्याच मशीनवर चव राखायला एक छोटा स्क्रू असतो, टीडीएस कंट्रोलर. तो थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतो. तो सैल असला की बाहेरचा टीडीएस चढलेला दिसतो आणि धडधाकट मेंब्रेनला दोष येतो. म्हणून आधी तो पूर्ण बंद करून मोजायचं. कुपवाडला पोराने हे केलं होतं, वहीत ‘टीसी बंद’ अशी नोंद होती, म्हणून मी ते ३१० खरं मानलं.

पाणी हळू येत असेल तर वेगळं बघायचं. ८० जीपीडीचा, म्हणजे दिवसाला ८० गॅलन गाळणारा मेंब्रेन चांगल्या अवस्थेत, पुरेसा दाब असताना, साधारण पाच मिनिटांत एक लिटर देतो. तेवढ्याच पाण्याला पंधरा मिनिटं लागत असतील तर सगळ्यात आधी बाहेरची कँडल, मग सेडिमेंट, मग पंप, आणि शेवटी मेंब्रेन. सत्तर रुपयांच्या कँडलमुळे अकराशेचा मेंब्रेन बदलला गेलेला वहिनींनी दुसऱ्या दुकानाच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलाय.

हे सगळं कॅप्शनमध्ये लिहिलं असतं तर ते कुणी वाचलं नसतं. पण यातून कॅप्शनला दोन ओळी मिळाल्या: टीडीएस तुमच्यासमोर मोजून कार्डावर लिहू, आणि जुने फिल्टर तुमच्या हातात देऊन जाऊ. आठवडाभराच्या मसुद्यांनंतर जे लागलं ते हे:

‘नळाच्या पाण्याचा आरओ: वर्षाचे १,९०० रुपये.
मेंब्रेन यात नाही. लागलाच तर बसवून १,१०० रुपये.

दर ३ महिन्यांनी, वर्षातून ४ वेळा आम्ही स्वतःहून येतो. तारीख आम्ही लक्षात ठेवतो, यायच्या आदल्या दिवशी फोन करतो.
दर वेळी बाहेरची स्पन कँडल नवी, टाकी आतून धुतलेली, टीडीएस तुमच्यासमोर मोजून कार्डावर.
दुसऱ्या आणि चौथ्या वेळी सेडिमेंट, कार्बन, पोस्ट कार्बन तिन्ही नवे. जुने तुमच्या हातात देतो.
मधेच बिघाड झाला तर येण्याचे आणि कामाचे पैसे घेत नाही. पंप, अडॅप्टर, व्हॉल्व किंवा यूव्हीचा दिवा बदलावा लागला तर फक्त वस्तूची किंमत, आधी सांगून.

बोअरचं पाणी असेल तर हा दर नाही. आधी येऊन टीडीएस मोजू, त्याचे पैसे नाहीत.
सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर. मशीनचा एक फोटो समोरून आणि एक झाकण काढून पाठवा.’

फोटोची ओळ वहिनींची. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये फिल्टर त्यांच्याच मापाचे, बंद डबीसारखे असतात. त्यात २६० रुपयांचा संच बसत नाही, कंपनीचाच घ्यावा लागतो आणि मग १९०० चं गणित कोसळतं. फोटो आला की कळतं. अशा मशीनला दुकान प्लॅन देत नाही, फक्त लागेल तेव्हा काम करतं, असं फोनवर सरळ सांगितलं जातं. झाकण काढलेला फोटो पाठवायला काहींना जमत नाही, मग पोरगा जातो. तेवढी एक फेरी दुकानाच्या अंगावर.

कर वेगळा लागेल का, हाही प्रश्न आला. दुकानाची उलाढाल जीएसटीच्या नोंदणीच्या मर्यादेखाली आहे, त्यामुळे १९०० म्हणजे १९००. हे कॅप्शनमध्ये घालावं का यावर थोडा खल झाला. नोंदणी झाली की ओळ बदलावी लागेल म्हणून नाही घातलं. मला अजूनही वाटतं घालायला हवं होतं.

पोस्ट लागल्यावर फोन आधीपेक्षा कमी आले. दादांचा चेहरा पहिले चार दिवस पडलेला होता. पण आलेल्या फोनवरचं बोलणं बदललं. पूर्वी पहिला प्रश्न ‘कमी होईल का’ असायचा, आता ‘आमचं बोअर आहे, किती होईल’ असा असायचा. म्हणजे माणसं शेवटपर्यंत वाचून फोन करत होती. बोअरवाल्यांना ३४०० सांगितल्यावर काहींनी फोन ठेवला. कुपवाडच्या काकांच्या नवीन प्लॅनच्या वेळी दादांनी कार्ड पुढे ठेवलं, सात महिन्यांचे आकडे दाखवले, नळी बादलीखाली दाबायची नाही असं बजावलं. काकांनी ३४०० दिले, पण म्हणाले, “त्या वाया जाणाऱ्या पाण्याने मी फरशी पुसणार, नळी काढून बादलीत सोडू का?” सोडा की, फक्त तोंड मोकळं ठेवा.

जुलै आला आणि कॅप्शनची एक ओळ तोकडी पडली. कृष्णा गढूळ झाली की नळाचं पाणीही काही दिवस मातकट येतं, आणि तीन महिने चालायची ती स्पन कँडल वीस-पंचवीस दिवसांत चिखलाच्या रंगाची होते. पाणी थांबतं, लोक फोन करतात. प्रत्येक फेरी १२० ची, ३८० च्या नफ्यातून. दादांनी पावसाळ्यात पाचवी फेरी लावायचं ठरवलं होतं. वहिनींनी वेगळंच केलं. पुढच्या फेरीला पोराने प्रत्येक घरात एक जादा कँडल आणि ती बसते तो बाउल उघडायची प्लास्टिकची चावी ठेवली, आणि घरच्या माणसाकडून एकदा समोर बदलून घेतली: पाण्याचा कॉक बंद, चावीने बाउल डावीकडे फिरवायचा, जुनी कँडल काढायची, बाउल धुवायचा, रबराची रिंग जागेवर आहे ना बघायचं, नवी घालून आवळायचं. सत्तर रुपयांत काम झालं. रिंग नीट न बसल्यामुळे दोन ठिकाणी ओटा भिजला, तिथे पोरगा गेलाच.

यंदाच्या कॅप्शनमध्ये म्हणून एक ओळ वाढलीय: ‘पावसाळ्यासाठी एक जादा कँडल आणि चावी जूनमध्ये घरात ठेवून जातो, बदलायची कशी ते दाखवतो.’ दर १९०० वरून १९५० झालाय. मेंब्रेन अजून दुसऱ्या ओळीतच आहे.